ट्रेड दहा इंची आणि गोइंग नऊ इंची: जिना उतरताना पाय तिरका का पडतो

आमची आत्या फुलेवाडीत राहते, घर बांधून चार वर्षं झाली. गणपतीला गेलो होतो तेव्हा बघितलं की ती जिना चढताना सरळ चढते पण उतरताना अंग तिरकं करून, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी चाचपत खाली येते. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मग मामा उतरले, तेपण पाय आडवा टाकूनच. आणि नंतर माझ्या लक्षात आलं की मी स्वतःपण तसाच उतरलोय, मला कळलंपण नव्हतं.

मी सिव्हिल डिप्लोमावाला, साइटवरच दिवस जातो, त्यामुळं टेप गाडीत असतोच. पायरीवर टेप लावला तर 10 इंच. रायझर म्हणजे एका पायरीची उंची, ती 7 इंच. आत्या म्हणाली, "अरे प्लॅनमध्येबी धा इंचच हाय की, मिस्त्रीनं बरोबर बांधलंय." आणि खरंच प्लॅनवर लिहिलेलं होतं, ट्रेड 10, रायझर 7. म्हणजे कागदावर सगळं बरोबर आणि पायाला मात्र चूक. घोळ कुठाय तर ट्रेड आणि गोइंग या दोन मापांत, जी साइटवर सर्रास एकच समजली जातात.

ट्रेड म्हणजे पायरीचा दिसणारा आडवा भाग, मागच्या उभ्या दगडापासून पुढच्या कडेपर्यंत. गोइंग म्हणजे एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर, म्हणजे एका पायरीला तुम्ही पुढं किती सरकता ते. पायरीचा दगड खालच्या उभ्या भागाच्या पुढं नाकासारखा काढलेला नसेल तर दोन्ही मापं सारखीच येतात. पण आपल्याकडं कडप्पा असो नाहीतर ग्रॅनाइट, पाऊण-एक इंच नाक पुढं काढतातच, त्यालाच नोजिंग म्हणतात. नाक आलं की ट्रेड गोइंगपेक्षा तेवढ्यानं मोठा दिसतो. आत्याच्या जिन्याला 1 इंच नाक आहे, म्हणून ट्रेड 10 आणि गोइंग 9.

आता कोण म्हणेल एका इंचानं काय होतंय. चढताना खरंच फार काही होत नाही, कारण चढताना पायाची बोटं वरच्या पायरीच्या नाकाखाली सरकतात, म्हणजे तुम्हाला पुरा 10 इंच ट्रेड वापरायला मिळतो. उतरताना मात्र पाय वरून, नाकाच्या पुढून खाली येतो, टाच नाकाखाली मागं जाऊच शकत नाही. मग टाच नाकाच्या ओळीच्या पुढंच टेकते आणि तिथून पुढच्या कडेपर्यंत उरतं ते फक्त गोइंग, 9 इंच. मामांची कापशी चप्पल मापली तर 11 इंचाच्या आसपास भरली. टाच नाकाला घासू नये म्हणून माणूस अर्धा इंच तरी सोडतोच, म्हणजे अडीच इंच पाय हवेत, चवड्याची गादी अगदी कडेवर. शरीराला ते कळतं, डोक्याला कळायच्या आधी, आणि पाय आपोआप तिरका होतो. एकच जिना चढताना 10 इंची आणि उतरताना 9 इंची असतो तो असा, आणि पडायची भीती जास्त असते ती उतरतानाच.

जिन्याचं प्रमाण काढायचं सूत्र सगळ्यांना माहीत असतंय, दोन रायझर अधिक एक ट्रेड म्हणजे 24 इंचाच्या जवळपास यायला पाहिजे. हे जुनं आहे, फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल यानं 1675 च्या सुमारास मांडलं, कल्पना अशी की सपाट जमिनीवर एक पाऊल 24 इंच पडतं आणि जेवढं वर चढावं लागतं त्याच्या दुप्पट पुढचं पाऊल आखडतं. (त्याचा इंच त्या काळचा फ्रेंच, आपल्यापेक्षा जरा मोठा, म्हणून ते 65 सेंटीमीटर भरतं. आता साधारण 60 ते 64 सेंटीमीटर धरतात.) पण बघा, हे सगळं पावलाचं गणित आहे, एका पायरीवरून दुसरीवर पाऊल किती पुढं गेलं त्याचं. म्हणजे सूत्रात घालायचं ते गोइंग, ट्रेड नाही. आत्याच्या जिन्यात ट्रेड घातला की 7 आणि 7 चौदा, अधिक 10, बरोब्बर 24, एकदम छान उत्तर. गोइंग घातलं की 23, म्हणजे 58 सेंटीमीटरच्या आसपास, मापाच्या खाली. चुकीचं माप घातल्यावर उत्तर इतकं नेमकं येतं की कुणाला शंकाच येत नाही.

आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येपण घरातल्या जिन्याला ट्रेड किमान 250 मिलिमीटर दिलाय, पण तिथं शब्द आहेत नोजिंग सोडून. हे दोन शब्द वाचायचे राहतात. 10 इंच म्हणजे 254, पास. 9 इंच म्हणजे 229, नापास. रायझर जास्तीत जास्त 190, आत्याचा 7 इंच म्हणजे 178, त्यामुळं उंचीचा काही प्रश्नच नव्हता.

मग हे झालं कसं, तेपण काढलं मी. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची 10 फूट 6 इंच, म्हणजे 126 इंच. 7 इंचाचे 18 रायझर. मध्ये लँडिंग घेऊन दोन टप्पे, प्रत्येकी 9 रायझर. 9 रायझरला ट्रेड मात्र 8 च लागतात, कारण नववा रायझर चढला की तुम्ही लँडिंगवर असता. 8 गुणिले 10 म्हणजे 80 इंच, अधिक लँडिंग 3 फूट, एकूण 9 फूट 8 इंच. आणि जिन्याच्या खोलीची आतली लांबी 9 फूट! लँडिंग वजा केलं की 72 इंच उरतात, भागिले 8, बरोबर 9. गवंड्याला जागेत जे बसलं ते त्यानं बसवलं, वरून एक इंच नाक काढलं, आणि प्लॅनमधला 10 इंच ट्रेड त्याच्या दृष्टीनं पुरा झाला. मी त्याला दोष देत नाही, प्लॅनवर गोइंग लिहिलेलंच नव्हतं आणि खोलीची लांबी कुणी गुणून बघितली नव्हती. ते बघायचं काम प्लॅन काढणाऱ्याचं.

त्याच गवंड्याला फोन लावला तर तो म्हणाला, "सायेब, दगड बदलून बारा इंची टाकू, नाक अजून एक इंच पुढं काढू, पायरी मोठी हुतीय." हा उपाय मी बऱ्याच साइटवर ऐकलाय आणि याच्यातच गोइंगची खरी ओळख होते. एका पायरीचं नाक एक इंच पुढं काढलं तर वरच्या पायरीचंपण एक इंच पुढंच येणार, सगळ्याच कडा एकसारख्या पुढं सरकणार, मग दोन कडांतलं अंतर 9 होतं ते 9 च राहणार. ट्रेड 11 होईल, दगडाचं बिल वाढेल, उतरणाऱ्याला सूतभरसुद्धा जास्त जागा मिळणार नाही, उलट दोन इंच नाकाला चढताना बोटं अडकायला लागतील. गोइंग ठरतं ते स्लॅबच्या उतारात, सेंट्रिंग मारतानाच. काँक्रीट ओतल्यावर ते दगडानं बदलत नाही.

दगडाच्या मापावरूनपण हाच गोंधळ होतो. 10 इंच गोइंग पाहिजे असेल तर 1 इंच नाक, आणि मागं वरच्या रायझरची पट्टी ज्याच्यावर उभी राहते तो पाऊण इंच, असा पावणेबारा इंच दगड लागतो, दुकानात बारा इंची घेतात. मग मालक सांगतो आमच्याकडं बारा इंची पायरी आहे. दगड बारा, ट्रेड अकरा, गोइंग दहा, असं ते असतं.

तुमच्या घरात मापायचं असेल तर वरच्या पायरीच्या कडेवरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा, तो खालच्या पायरीवर जिथं टेकतो तिथून खालच्या पायरीच्या पुढच्या कडेपर्यंत टेप लावा, ते गोइंग. मागच्या उभ्या दगडाला टेप टेकवू नका. दोनतीन पायऱ्यांवर मापा, कारण पायऱ्या एकमेकींशी जुळत नसतील तर तो वेगळाच धोका आहे, पाय पहिल्या दोन पायऱ्यांवरच अंदाज बांधतो आणि तिसरी वेगळी निघाली की चुकतो. आत्याच्या जिन्यात निदान ते तरी सगळं सारखं होतं.

तिच्या जिन्याचं गोइंग आता वाढवता येत नव्हतं, जिना फोडायला ती तयार नाही आणि मीपण आग्रह केला नाही. भिंतीच्या बाजूनं दुसरा कठडा लावला, म्हणजे उतरताना दोन्ही बाजूंना धरता येतं, आणि गुळगुळीत ग्रॅनाइटच्या कडेला दोन खाचा मारून घेतल्या, पावसाळ्यात ओले पाय घेऊन माणसं वर जातात खाली येतात म्हणून. पाय अजून तिरकाच पडतो.

दिवाळीनंतर उचगावला एका घराचं काम घेतलं, तिथंपण उंची 10 फूट 6 इंच आणि जिन्याची खोली 9 फुटाचीच. मालक म्हणाले एक पायरी कमी करू, जागा सुटेल. 126 भागिले 17 म्हणजे रायझर 7.4 इंच, 188 मिलिमीटर, कोडमध्ये कसाबसा बसतो, पण 17 चे दोन भाग 9 आणि 8, म्हणजे एका टप्प्याला 8 ट्रेड लागणारच, जागा काही सुटली नाही. आणि 16 केले तर रायझर पावणेआठच्या वर, 200 मिलिमीटर, ते नकोच. शेवटी 18 च ठेवले, खालची पहिली पायरी 8 इंच हॉलमध्ये घेतली आणि वरच्या स्लॅबचं ओपनिंग पॅसेजकडं 8 इंच वाढवलं. सेंट्रिंगच्या आधी मिस्त्री आणि मी मिळून भिंतीवर खडूनं आठही पायऱ्यांच्या कडा मारल्या, नाकासकट, आणि पहिल्या कडेपासून लँडिंगच्या कडेपर्यंत आडवा दोरा धरला. 80 इंच भरले. मिस्त्री म्हणाला, "मग ट्रेड किती धरू?" मी म्हटलं ट्रेड धरूच नकोस, या खुणा धर.