तवा वापरायला शिकवणारा व्हिडिओ आणि तवा विकणारा व्हिडिओ

बिडाचे तवे विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानाचं इन्स्टाग्रामचं पान उघडलं, की बहुतेक वेळा एकाच प्रकारचा व्हिडिओ दिसतो. तवा धुतला, पुसला, गॅसवर तापवला, तेल लावलं, थंड केला, पुन्हा तेल लावलं आणि सगळ्यात शेवटी डोसा. व्हिडिओ चांगला असतो, लोक तो जपूनही ठेवतात, पण मागणी येत नाही. असं होतं याचं कारण तो विकणारा व्हिडिओ नसतोच. तो शिकवणारा असतो. दोन्हींत तोच तवा, तीच शेगडी आणि तेच हात दिसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. संहिता लिहायला बसलात की मात्र पहिल्या ओळीपासून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

शिकवणारा व्हिडिओ बघणाऱ्याच्या घरी तवा आलेला असतो. पैसे गेलेले असतात आणि आता त्याला एकच धास्ती असते, आपल्या हातून तवा बिघडायला नको. म्हणून त्याला सगळ्या पायऱ्या हव्या असतात, त्याही क्रमाने. तेल किती लावायचं, धूर निघेपर्यंत तापवायचं की आधीच बंद करायचं, हे नीट सांगावं लागतं. दोन-तीन मिनिटं लागली तरी त्याची हरकत नसते, कारण तो स्वतःच्या गरजेने बघतोय.

विकणारा व्हिडिओ बघणाऱ्याने अजून काहीच ठरवलेलं नसतं. तो अंगठ्याने पडदा सरकवत चाललेला असतो. 'तीनदा तेल लावून तापवा' हे वाक्य ज्याच्याकडे तवा आहे त्याला दिलासा देतं. ज्याच्याकडे नाही, त्याला मात्र ते नव्या कटकटीची आगाऊ सूचना वाटतं. काळजीपूर्वक शिकवणारे दुकानदार नकळत गिऱ्हाईक घाबरवतात ते इथेच.

मग विकणारी संहिता सुरू कुठून करायची? माझ्या मते, गिऱ्हाइकाच्या मनातल्या सगळ्यात मोठ्या शंकेपासून. बिडाच्या तव्याबाबत ती शंका म्हणजे 'चिकटेल'. त्यामुळे दाखवायचा पदार्थही असा निवडायचा, जो चिकटण्यासाठीच प्रसिद्ध आहे. चपाती भाजून दाखवली तर काहीच सिद्ध होत नाही, ती कुठल्याही तव्यावर होते. तांदळाच्या पातळ पिठाचं घावन घ्या. ते बिनजाळीचं, तुकडे होऊन निघालं की काय वाटतं, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

३० सेकंदांची संहिता करून बघू. कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे काय दिसतं ते, उजवीकडे काय ऐकू येतं ते. सावकाश, समजेल असं बोललं तर अर्ध्या मिनिटात साधारण ६० ते ७० शब्द बसतात. लिहून झाल्यावर मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा. दमछाक झाली तर शब्द कापा, बोलण्याचा वेग वाढवू नका.

पहिल्या तीन सेकंदांत घावनाची कड आपोआप सुटून वर येताना अगदी जवळून दिसते. नमस्कार नको, दुकानाचं नाव नको. आवाजात एवढंच: 'बिडाच्या तव्यावर घावन चिकटतं म्हणता? हे बघा.' हेच शब्द पडद्यावरही लिहायचे, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. अक्षरं पडद्याच्या अगदी तळाला किंवा उजव्या कडेला ठेवू नका. तिथे ॲपचीच बटणं आणि मजकूर येतो.

तीन ते आठ सेकंद: कांद्याच्या अर्ध्या फोडीने तव्यावर तेल फिरवलं जातं. मग पीठ कडेकडून आत ओतलं जातं. इथे बोलूच नका, पिठाचा चर्र आवाज ऐकू द्या. आठ ते अठरा हा या व्हिडिओचा प्राण. झाकण उघडायचं, उलथनं घालायचं आणि घावन उचलून ताटात ठेवायचं, आणि यात एकही कट नको. घावन शिजायला लागणारा वेळ ३० सेकंदांत मावणार नाही, तो गाळावाच लागेल. मात्र 'इथे शिजण्याचा वेळ गाळला आहे' असं पडद्यावर लिहा. उलथनं घालताना कट आला, की 'मधे दुसरा तवा घेतला' ही शंका आलीच. एकदा ती आली की पुढचं सगळं वाया जातं.

अठरा ते चोवीस सेकंदांत ती गोष्ट सांगायची, जी सांगायला विक्रेते कचरतात: 'वजन दोन किलोच्या वर आहे. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज धरतो.' शिकवणाऱ्या व्हिडिओतला एवढाच तुकडा विकणाऱ्यात घ्यायचा. हे लपवलं तर तवा विकला जाईल, पण पहिल्या आठवड्यात गंजाचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल.

शेवटचे सहा सेकंद: तव्याचं माप, किंमत आणि एकच कृती. 'दहा इंची, बाराशे रुपये, हवा असेल तर कमेंटमध्ये तवा लिहा.' किंमत न सांगता 'इनबॉक्स करा' म्हटलं, की निम्मे लोक महाग असेल असं धरून पुढे जातात, असं माझं मत आहे. फोन करा, लिंक बघा, फॉलो करा असं तिन्ही एकदम सांगितलं तर काहीच होत नाही. कृतीही त्या जागी चालणारी हवी. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. यूट्यूबने शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकही ऑगस्ट २०२३च्या अखेरीस बंद केल्या. 'खाली लिंक दिली आहे' हे वाक्य तिथे गिऱ्हाइकाला भिंतीपाशी नेऊन सोडतं.

तवा तुमचा नसून कुणी पैसे देऊन किंवा फुकट तवा देऊन तुमच्याकडून व्हिडिओ करून घेत असेल, तर 'जाहिरात' ही खूणही संहितेतच लिहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती किमान ३ सेकंद दिसायला हवी. त्याहून मोठ्या, पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. म्हणजे आपल्या ३० सेकंदांत १० सेकंद. तिची जागा आधी ठरवली नाही, तर ती नेमकी घावनावर येते.

आपण यातलं काय बनवलं, हे प्रतिसादावरून ओळखता येतं. खूप लोकांनी जपून ठेवला आणि कमेंटमध्ये 'माझा तवा काळं सोडतो, काय करू?' असे प्रश्न आले, तर तुमचा व्हिडिओ आधीच तवा असलेल्यांपर्यंत पोचला. 'केवढ्याला?', 'सांगलीला पाठवता का?' असं विचारलं जात असेल, तर तो विकतोय. लोक कुठे गळाले तेही आलेखात बघा. पहिल्या तीन सेकंदांत गळाले तर सुरुवातीचं दृश्य बदला. पीठ ओतताना गळाले तर तो तुकडा लांबलाय. शेवटपर्यंत थांबले पण कुणी काही विचारलं नाही, तर किंमत किंवा कृती चुकली.

शिकवणारा व्हिडिओ टाकून देऊ नका. तवा कुरिअरला दिला त्याच दिवशी तो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे तो तीन मिनिटांचा असला तरी पूर्ण बघितला जातो आणि गंजाच्या तक्रारी कमी होतात. विकणाऱ्या व्हिडिओखाली जी शंका पुन्हापुन्हा येते, तिच्यावर पुढची संहिता लिहा. 'इंडक्शनवर चालतो का?' असं विचारत असतील, तर सपाट बुडाचा तवा इंडक्शनवर ठेवून त्यावर पाण्याचे थेंब नाचताना दाखवा. त्याला १५ सेकंद पुरतात.