काचेला टेकवणे आणि काच झाकणे: धावत्या गाडीतून चित्रीकरणाच्या दोन वेगळ्या युक्त्या

गाडीच्या खिडकीतून व्हिडिओ काढणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मोबाइल काचेला घट्ट टेकवून धरा, म्हणजे प्रतिबिंबही जाईल आणि हातही स्थिर राहील. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, पण त्याचे दिले जाणारे कारण चुकीचे आहे. आणि दुसरा अर्धा भाग उभ्या इमारतीच्या खिडकीला लागू पडत असला, तरी धावत्या गाडीला लागू पडत नाही. प्रतिबिंब जाते ते मोबाइल काचेला टेकल्यामुळे नव्हे, तर लेन्ससमोरची काच आतल्या उजेडापासून झाकली गेल्यामुळे. टेकवणे आणि झाकणे या दोन क्रिया एका वेळी घडतात म्हणून त्या एकच वाटतात, परंतु त्या वेगळ्या केल्या तरच प्रतिबिंब आणि थरथर या दोन्ही दोषांवर एकाच वेळी उपाय करता येतो.

आधी प्रतिबिंबाचे पाहू. काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 4 टक्के प्रकाश तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून परत फिरतो. एका काचेला दोन पृष्ठभाग असल्यामुळे हे प्रमाण सुमारे 8 टक्के होते, आणि रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात असते तशी दुहेरी काच असेल, तर ते 15 टक्क्यांच्या आसपास जाते. बाहेर लख्ख ऊन असताना डब्यातला हा परतलेला उजेड दृश्यात लोपून जातो. पण पावसाळी आभाळ असेल, दाट झाडी जवळून जात असेल किंवा संध्याकाळ झाली असेल, तर बाहेरचा उजेड घटतो, डब्यातले दिवे मात्र तेवढेच राहतात आणि आपला पांढरा सदरा, शेजाऱ्याच्या मोबाइलचा पडदा, समोरच्या आसनावरचे कापड असे सगळे दृश्यावर तरंगू लागते.

कॅमेऱ्याला काचेत नेमके काय दिसते, हे समजून घेतले की उपाय आपोआप सुचतो. लेन्स काचेपासून 5 सेंटिमीटरवर असेल, तर तिला आरशात दिसावा तसा स्वतःचाच मोबाइल 10 सेंटिमीटर अंतरावर दिसत असतो. मोबाइल आडवा धरलेला असल्यास त्याची साधारण 15 सेंटिमीटर लांबी त्या प्रतिबिंबाचा बराच भाग व्यापते, म्हणजेच मोबाइल स्वतःच डब्यातल्या उजेडाला आडोसा करतो. मात्र लेन्स मोबाइलच्या मध्यावर नसते, ती एका कोपऱ्यात असते. त्यामुळे आडोसा एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर, अशी स्थिती होते. व्हिडिओत प्रतिबिंब एकाच कडेला दिसत असेल, तर ती कड बहुतेक वेळा लेन्सच्या कोपऱ्याकडची असते आणि तिथे तळहात आडवा धरला की ते लगेच नाहीसे होते. मोबाइलचे कव्हर पांढरे किंवा चकचकीत असेल, तर आडोसाच उजळ होतो. काळे, न चमकणारे कव्हर यासाठी उत्तम. याच कारणाने 0.5x ची अतिरुंद लेन्स खिडकीशी टाळावी, कारण तिला मोबाइलच्या कडेपलीकडचे बरेच काही दिसते.

दुहेरी काचेच्या बाबतीत तर टेकवण्याचा समज पुरता उघडा पडतो. मोबाइल आतल्या काचेला अगदी चिकटवला, तरी बाहेरची काच तिच्यापासून काही अंतरावर असते. डब्यातला उजेड मोबाइलच्या कडेने तिरका आत शिरतो, बाहेरच्या काचेवरून परततो आणि लेन्समध्ये येतो. म्हणजे पूर्ण टेकवूनही प्रतिबिंब उरते, आणि ते घालवण्यासाठी मोबाइलच्या भोवतीची वीतभर काच झाकावीच लागते. काळा सुती रुमाल, गडद शाल किंवा काळा स्वेटर यांपैकी काहीही चालते. छत्रीच्या कापडाला थोडी चकाकी असते, म्हणून ते मी वापरत नाही. कॅमेरा असेल, तर लेन्सच्या तोंडावर बसणारे मऊ रबराचे हूड हेच काम करते, फक्त ते काचेवर दाबू नये, अलगद भिडवावे.

आता थरथरीकडे येऊ, कारण टेकवण्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. गाडीत दोन प्रकारची हालचाल एकाच वेळी चालू असते. पहिली म्हणजे डब्याचे डोलणे, जे सेकंदाला एक-दोन वेळा होते आणि आपल्याला सहज जाणवते. दुसरी म्हणजे पत्रा, चौकट आणि काच यांचा बारीक कंप, जो डोळ्यांना फारसा कळत नाही पण बोटाला कळतो. इंजिन चालू ठेवून स्थानकात उभ्या असलेल्या जुन्या बसच्या काचेवर बोटाचे टोक ठेवून पाहावे. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांनी चालत असेल, तर सेकंदाला 10 फेऱ्या होतात, दर फेरीला तीन सिलिंडर पेट घेतात आणि काचेला सेकंदाला 30 धक्के मिळतात. व्हिडिओच्या चौकटीही बहुधा सेकंदाला 30 असतात. म्हणजे एक चौकट टिपली जात असतानाच काच एकदा पुढे-मागे होऊन गेलेली असते.

मोबाइलचा सेन्सर सगळे चित्र एका क्षणी वाचत नाही, तो वरून खाली ओळीओळीने वाचतो. वाचन चालू असताना मोबाइल हलला, तर वरच्या ओळी एका जागी आणि खालच्या ओळी दुसऱ्या जागी पडतात, आणि सरळ विजेचा खांब नागमोडी दिसू लागतो. चित्रीकरण करणारे याला जेली म्हणतात. नेहमीच्या हादऱ्यापासून जेली वेगळी ओळखण्याची खूण सोपी आहे. व्हिडिओ थांबवून एकच चौकट पाहावी. हादरा असेल तर थांबवलेल्या चौकटीत आकार शाबूत असतात, फार तर थोडे फरकटलेले दिसतात. जेली असेल तर थांबवलेल्या चौकटीतही खांब आणि इमारतींच्या कडा वाकड्याच असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चित्र स्थिर करणारी सोय मुख्यतः संपूर्ण चौकट सरकवून हादरा पुसते; चौकटीच्या आत वाकलेल्या रेषा सरळ करणे तिला क्वचितच पुरते जमते. शटरचा वेग वाढवल्यानेही जेली जात नाही, उलट वाकलेल्या रेषा अधिक रेखीव दिसतात.

म्हणून काचेचा बारीक कंप मोबाइलपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही, आणि त्यासाठी आपल्या शरीराइतके चांगले साधन दुसरे नाही. दोन्ही हातांनी धरलेला मोबाइल, बरगड्यांना लावलेली कोपरे आणि आसनाच्या पाठीपासून किंचित सुटलेली आपली पाठ, एवढ्याने कंपाचा बराचसा भाग मांसपेशींत जिरतो. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवणे आरामाचे वाटते, पण त्याने चौकटीचा कंप हाडावाटे थेट मनगटात येतो. हाताने जे जिरत नाही ते संथ डोलणे, आणि नेमके तेच मोबाइलमधली स्थिरीकरणाची सोय चांगले सांभाळते. घाटातल्या वळणावर मात्र ती सोय गाडीचे वळणेही चूक समजून दुरुस्त करू पाहते, त्यामुळे चित्र क्षणभर अडते आणि मग झटका देऊन पुढे जाते. लागोपाठ वळणे असतील, तर तिची तीव्र पातळी बंद करून साधी ठेवलेली बरी.

एकंदरीत धरण्याची पद्धत अशी ठरते: लेन्स आणि काच यांच्यात बोटाच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरची फट ठेवायची, मोबाइल काचेला लावायचा नाही आणि रुमाल मात्र काचेला लावायचा. रुमालाची वरची कड आसनावरच्या आपल्या डोक्याजवळून खाली सोडून मोबाइल आणि हात त्याखाली घेतले, की कापड काचेला भिडते, कंप सोसते आणि मोबाइल मोकळा राहतो.

कोकण रेल्वेवर हे पारखून पाहण्याची सोय फार चांगली आहे. मुंबईहून मडगावकडे जाताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. ताशी 75 किलोमीटर वेगाने तो ओलांडायला पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ जातो आणि तेवढा वेळ बाहेर अंधार असतो. तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर जे काही दिसते, ते सगळे प्रतिबिंब. दिव्याची एखादी रेघ दिसली, तर रुमाल त्या बाजूला थोडा ओढायचा आणि पडदा काळा होईपर्यंत हे करत राहायचे. अंधारात फोकस काचेवर येऊन अडकतो, म्हणून तो बोगद्याआधीच दूरच्या डोंगरावर बोट दाबून धरून पक्का करावा; प्रकाशाची पातळीही त्याच क्रियेने बांधली जाते.

रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल येतो. त्याची लांबी 424 मीटर आहे, म्हणजे ताशी 60 किलोमीटर वेगात तो सुमारे 25 सेकंदांत संपतो. मी पहिल्यांदा तिथे मोबाइल काचेला दाबून धरला होता. दरी उत्तम आली, पण पलीकडच्या काठावरची पोफळीची उभी खोडे थांबवलेल्या चौकटीत पाण्यात पडलेल्या सावलीसारखी लहरत होती आणि डाव्या कडेला आतल्या दिव्याची पट्टी होती. पुढच्या खेपेला बोगद्यात रुमाल जुळवून घेतला, मोबाइल काचेपासून सोडवला, आणि तीच खोडे सरळ आली. चित्र थोडे डोलत होते, परंतु ते डोलणे गाडीतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ओळखीचे आहे.

पोलरायझर फिल्टरविषयी पुष्कळ विचारले जाते. काचेकडे साधारण 55 अंशांच्या तिरकस कोनातून पाहताना तो प्रतिबिंब छान कापतो, पण समोरासमोर चित्रीकरण करताना परतलेल्या प्रकाशात त्याला पकडण्यासारखे काही नसते. शिवाय मोटारी आणि बस यांच्या बाजूच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात, आणि फिल्टरमधून त्यांच्यावर ठिपक्यांची किंवा रंगीत पट्ट्यांची नक्षी उमटते. मोटारीच्या पुढच्या उतरत्या काचेवर मात्र तो उपयोगी पडतो. तिथे प्रतिबिंब असते ते डॅशबोर्डचे, आणि डॅशबोर्डवर काळे कापड अंथरले तर फिल्टरचीही गरज उरत नाही. हे काम अर्थातच शेजारी बसलेल्याने करायचे, चालवणाऱ्याने नव्हे.

बिनवातानुकूलित डब्यात काच वर सरकवली की प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटतो आणि फक्त गज उरतात. दोन गजांच्या मधोमध लेन्स आणावी, मोबाइलची दोरी मनगटाला अडकवावी आणि हात गजांच्या आतच ठेवावा. बाहेर काढलेल्या हातावर वाऱ्याचा जोर बसतो, आणि तो कंप कुठल्याच सोयीने पुसला जात नाही.