प्रेक्षकांचा सूर नेमका कधी बिघडला?

एखाद्या मालिकेवर रोज साधारण २०० प्रतिक्रिया येतात आणि त्यांतल्या २० टक्के नाराजीच्या असतात, असं धरू. आज हा आकडा २७ वर गेला. प्रेक्षक बिनसले म्हणायचे का? एवढ्यावरून नाही. २०० प्रतिक्रियांमध्ये काहीच बदललेलं नसतानाही हा आकडा सुमारे २.८ अंकांनी वरखाली होत राहतो. याच्या तिप्पट फरक, म्हणजे साधारण २८.५, ओलांडला तरच एका दिवसावरून धोक्याची घंटा वाजवायची, असा रिवाज आहे.

पण सूर हळूहळू बिघडत असेल तर ही रेषा ओलांडलीच जात नाही. यावर ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये एक सोपी युक्ती मांडली, तीही कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी. तिला 'क्यूसम' म्हणतात. रोजच्या टक्केवारीतून २४ वजा करायचे (नेहमीचे २० आणि ज्याची भीती आहे ते २८, यांच्या मधला आकडा), उरेल ते कालच्या बेरजेत मिळवायचं आणि बेरीज शून्याखाली गेली तर शून्यच धरायची. सलग चार दिवस २७, २८, २७, २८ आले, तर बेरीज ३, ७, १०, १४ होते. मर्यादा १२ ठेवली असेल तर चौथ्या दिवशी इशारा मिळतो, आणि यातला एकही दिवस २८.५ पर्यंत पोचलेला नाही! शिवाय बेरीज शेवटची शून्य होती त्यानंतरच्या दिवसापासून बदल सुरू झाला असावा, असा अंदाजही मिळतो. मर्यादा खाली आणली तर इशारा लवकर मिळतो, पण खोटे इशारेही वाढतात.

प्रतिक्रिया नाराजीची की कौतुकाची, हे ठरवणारं यंत्र मात्र चुकतं. पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठी ट्वीटना भावनेची लेबलं लावून संच तयार केला आहे. तशा संचांवर शिकलेल्या यंत्रालाही 'वा, काय अभिनय!' यातला टोमणा कळेलच असं नाही. चूक रोज सारख्याच प्रमाणात होत असेल, तर ती नेहमीच्या २० टक्क्यांतच मिसळून जाते आणि बदल शोधायला फारशी आड येत नाही. खरी पंचाईत चुकीचं प्रमाणच बदललं की होते. लाडकं पात्र मेलं की 'रडवलंत हो', 'काळीज फाटलं' यांचा पूर येतो. शब्द दुःखाचे, पण दाद मनापासूनची.

दुसरा घोळ मोजणीचा. एकच माणूस ४० वेळा तेच लिहितो, म्हणून प्रतिक्रिया न मोजता माणसं मोजलेली बरी.

इशारा आला की आधीच्या आठवड्यातल्या ५० आणि इशाऱ्याच्या दिवसांतल्या ५० प्रतिक्रिया चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, एकत्र मिसळाव्यात आणि तारखा झाकून कुणाकडून तरी वाचून घ्याव्यात. त्या माणसालाही इशाऱ्याच्या दिवसांतल्या प्रतिक्रियांत नाराजी ठळकपणे जास्त दिसली, तरच त्या दिवशीचा भाग काढून बघायला बसावं.