ड्रमला चिकटलेले कपडे आणि मिनिटाला ६१ फेरे

समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या काचेतून पाहिलं, तर धुताना कपडे वर चढतात आणि धपकन खाली पडतात. पिळण्याची वेळ आली की तेच कपडे ड्रमच्या भिंतीला असे चिकटतात की मधोमध मोकळं भोक दिसू लागतं. या दोन अवस्थांमधली सीमारेषा कोणत्या वेगावर आहे, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर मात्र अशा स्वयंचलित वॉशिंग मशीनपेक्षा अडीचशेहून अधिक वर्षांनी जुनं आहे.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ मध्ये वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूच्या बाहेर ओढल्या जाण्याचा अभ्यास केला आणि त्याला केंद्रोत्सारी बल असं नाव दिलं. १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथाच्या शेवटी त्याने या बलाबद्दलची तेरा प्रमेयं छापली, पण सिद्धता दिल्या नाहीत. त्या १७०३ मध्ये, म्हणजे तो वारल्यानंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झाल्या. तेरापैकी पाचवं प्रमेय आपल्या कामाचं आहे. वर्तुळाच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उंचीवरून पडल्यावर वस्तूला जितका वेग येतो, तितक्या वेगाने ती त्या वर्तुळावर फिरली, तर तिचं केंद्रोत्सारी बल बरोबर तिच्या वजनाइतकं होतं.

हे प्रमेय आजच्या मशीनला जसंच्या तसं लावता येतं. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर धरू. त्याचा चतुर्थांश १२ सेंटिमीटर. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला साधारण १.५३ मीटर होतो. ड्रमचा परीघ आहे १.५१ मीटर. म्हणजे सेकंदाला एका फेऱ्याहून किंचित जास्त, मिनिटाला सुमारे ६१ फेरे. पाठ्यपुस्तकातलं ω = √(g/r) हे सूत्र याहून वेगळं काही सांगत नाही.

कपडा वर्तुळाच्या अगदी माथ्यावर असताना गुरुत्वाकर्षण त्याला भिंतीपासून दूर ओढत असतं, म्हणून कसोटी तिथेच लागते. माथ्यावर टिकला तो कपडा पूर्ण फेराभर टिकतो. या हिशेबात वस्तुमान कुठेच येत नाही, त्यामुळे रुमाल असो की ओली चादर, भिंतीलगतच्या थरासाठी आकडा तोच.

गंमत अशी की ज्यांनी कपडे पिळणारी पहिली यंत्रं बनवली, त्यांना या आकड्याची गरजच पडली नाही. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये पेन्झोल्टने कापडातलं पाणी फिरवून काढणारं यंत्र आणलं, आणि पुढे याच तत्त्वावर साखरेच्या दाण्यांपासून मळी वेगळी करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रं आली. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत ती आजही चालतात. अशा यंत्रांची जाळीदार टोपली उभ्या आसावर फिरते. टोपलीच्या तळावर टेकलेल्या कपड्याला माथाच नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षण त्याला भिंतीपासून सोडवत नाही. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर याच घराण्यातला. त्यात वेग हळूहळू वाढला काय आणि झटकन वाढला काय, कपडे आपोआप भिंतीकडे सरकतात.

आडव्या आसावर फिरणाऱ्या पिंपाचा विचार आधी करावा लागला तो खनिज दळणाऱ्यांना. बॉल मिलमध्ये लोखंडी गोळे वर चढून खनिजावर आदळले पाहिजेत. ते भिंतीला चिकटून गोल फिरत राहिले, तर दळण होतच नाही. ज्या वेगाला गोळे चिकटू लागतात त्याला हे लोक ‘क्रिटिकल स्पीड’ म्हणतात. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळाने ४२.३ ला भागलं की मिनिटाचे फेरे मिळतात. आपल्या ड्रमचा ०.४८ मीटर व्यास घाला, उत्तर पुन्हा ६१ येतं. गणित पुढे नेलं तर गोळा सर्वाधिक उंचीवरून कधी पडतो हेही निघतं: क्रिटिकल स्पीडच्या सुमारे ७६ टक्क्यांवर. आपल्या ड्रमसाठी तो वेग मिनिटाला ४६ फेरे होतो. धुताना घरगुती मशीनचा ड्रम साधारण याच पट्ट्यात फिरतो, कारण इथेही आपटणं हेच काम आहे. धोबीघाटावरचा दगड काय वेगळं करतो!

धुणं आणि पिळणं ही उलट गरजेची दोन कामं एकाच आडव्या ड्रमवर आली, तेव्हा ही सीमारेषा रोज ओलांडायची वेळ आली. अमेरिकेत १९३७ मध्ये बाजारात आलेलं बेंडिक्स कंपनीचं समोरून दाराचं स्वयंचलित मशीन हे त्यातलं ठळक उदाहरण. ते जमिनीला बोल्टने घट्ट बांधावं लागे, कारण कपडे भिंतीला चिकटत, पण सगळीकडे सारखे पसरतीलच असं नव्हतं.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे अपुरं पडतं. ६१ हा आकडा फक्त भिंतीला टेकलेल्या थराचा आहे. त्यावर दुसरा, तिसरा असे थर चढत दहा सेंटिमीटर जाडी झाली, तर सर्वांत आतला कपडा आसापासून २४ नव्हे, १४ सेंटिमीटरवर असतो. त्याला टिकून राहायला मिनिटाला ८० फेरे लागतात. म्हणजे ६१ ते ८० या टप्प्यात बाहेरचे कपडे चिकटलेले आणि आतले अजून पडत असतात. ड्रम ठासून भरला की सगळ्यात आतला कपडा जवळजवळ आसावरच येतो आणि लागणारा वेग झपाट्याने वाढतो.

आजच्या मशीनमध्ये याच टप्प्याचा उपयोग करून घेतात. पिळण्याआधी ड्रम थेट हजारावर जात नाही, सीमारेषा सावकाश ओलांडतो. आतले कपडे पडत पडत भिंतीवरच्या मोकळ्या जागी बसत जातात. मग साधारण ९० फेऱ्यांवर थांबून मोटर भार तपासते. एका बाजूला वजन जास्त असेल, तर प्रत्येक फेऱ्यात मोटरचा वेग लयीत कमीजास्त होतो आणि कंट्रोलरला ते कळतं. समतोल नसेल तर वेग सीमारेषेखाली आणून कपडे पुन्हा पाडायचे आणि नव्याने पसरायचे. एकच जाड ब्लँकेट टाकल्यावर मशीन पिळायला जातं, थांबतं, घुटमळतं, ते यामुळेच. बऱ्याच मशीनच्या स्क्रीनवर शेवटी UE अशी अक्षरं येतात. दुरुस्तीला फोन करण्याआधी एकदोन टॉवेल सोबत टाकून पाहावेत, मोठ्या गोळ्याच्या समोरच्या बाजूला वजन मिळालं की बहुतेकदा काम होतं.

मशीन इतकी काळजी घेतं त्याचं कारण पुढच्या वेगात आहे. १२०० फेऱ्यांवर आपल्या ड्रमच्या भिंतीवरचं केंद्रोत्सारी बल वजनाच्या सुमारे ३८७ पट होतं. एक किलोचा असमतोल राहिला, तर जवळपास चारशे किलोचा ओढा सेकंदाला वीस वेळा दिशा फिरवत स्प्रिंग आणि बेअरिंगवर येईल. एवढा वेग कपडे चिकटवायला मुळीच लागत नाही. धाग्यांच्या बारीक फटींत पृष्ठताणाने धरून ठेवलेलं पाणी वजनाच्या दुप्पट-तिप्पट बलाला दाद देत नाही, म्हणून तो लागतो.