घड्याळाचा किलोमीटर पाटीच्या आधी का भरतो?

मॅरेथॉनची फिनिश लाइन ओलांडून घड्याळ थांबवलं की अनेकांना ४२.१९५ ऐवजी ४२.७५ किलोमीटर दिसतात. "मार्ग लांब मोजलाय" ही तक्रार तिथेच सुरू होते. मार्ग किंचित लांब असतो हे खरं आहे, पण किती ते ठरलेलं असतं. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या जोन्स काउंटरने मोजतात आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. मॅरेथॉनला हे जेमतेम ४२ मीटर होतात. वरच्या साडेपाचशे मीटरांपैकी उरलेले पाचशे मार्गाच्या मोजणीतून आलेले नसतात.

त्यातला काही भाग आपण खरोखरच धावलेलो असतो. मोजणारा सायकलस्वार प्रत्येक वळण कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवरून घेतो आणि दोन वळणांमध्ये शक्य तितकी सरळ रेषा धरतो. गर्दीत धावणाऱ्याला ते जमत नाही. काटकोनी वळण एक मीटर बाहेरून घेतलं तर दीड मीटर वाढतं. पाण्याच्या टेबलाकडे तिरकं जाणं आणि लोकांना ओलांडणं यांतही मीटर जातात.

बाकीची वाढ घड्याळाच्या हिशेबातून येते, आणि मला सर्वात विलक्षण वाटतो तो हाच भाग. उपग्रहांच्या संदेशांवरून घड्याळ साधारण दर सेकंदाला आपली जागा ठरवतं आणि त्या ठिपक्यांमधली अंतरं जोडत जातं. प्रत्येक ठिपका थोडा चुकतो. मग चुका कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडून एकमेकींना खोडून का काढत नाहीत?

पुढे-मागे पडलेल्या चुका खोडल्या जातात. ठिपका अर्धा मीटर पुढे पडला तर मागचा तुकडा वाढतो आणि पुढचा तेवढाच आखडतो, म्हणजे बेरीज तीच राहते. आडव्या चुकीचं तसं नाही. ठिपका डावीकडे सरकला काय किंवा उजवीकडे, रेषा तिरकी होते, आणि तिरकी रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच असते. इथे खोडायला वजा चूक सापडतच नाही.

ताशी १० किलोमीटरने धावणारा एका सेकंदात २.७८ मीटर जातो. लागोपाठच्या दोन ठिपक्यांमध्ये आडवा फरक ४० सेंटिमीटरचा असेल तर पायथागोरसच्या नियमाने तुकडा २.८१ मीटर भरतो. वाढ तीन सेंटिमीटरच्या आसपास आहे, पण तासाभरात ती सुमारे १०० मीटर होते, म्हणजे एक टक्का. तोच ४० सेंटिमीटरचा फरक ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याला चार टक्के वाढ देतो, कारण त्याचे तुकडे आखूड असतात.

इथे महत्त्व दोन ठिपक्यांतल्या फरकाला आहे. सगळे ठिपके एकाच दिशेला पाच मीटर सरकले तर नकाशावर तुम्ही रस्त्याबाहेर धावताना दिसाल, पण लांबी बिघडणार नाही. उंच इमारतींमध्ये मात्र संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि ठिपके वेडेवाकडे उड्या मारतात. ठिपके विरळ घेतले तर नागमोड कमी होते, पण मग घड्याळ वळणं कापतं आणि अंतर कमी दाखवू शकतं. काही घड्याळं संदेशाच्या वारंवारतेतल्या बदलावरून वेग काढतात, चुका गाळतात. त्यामुळे प्रत्येक घड्याळाची वाढ सारखी नसते.

आता पेसचं बघू. चार तासांत मॅरेथॉन संपवायची तर किलोमीटरला ५:४१ लागतात. तुमचं घड्याळ शेवटी ४२.७५ दाखवणार असेल आणि तुम्ही त्याच्यावर ५:४१ धरून ठेवलंत, तर तेवढे घड्याळी किलोमीटर संपायला ४ तास ३ मिनिटं लागतात. पडद्यावर प्रत्येक किलोमीटर वेळेत दिसतो, तरी शेवटी तीन मिनिटं हुकतात. चार तासांसाठी पडद्यावर ५:३७ दिसायला हवे होते. निकालात मात्र वेळेला ४२.१९५ नेच भागतात, वळणं बाहेरून घेऊन जास्त धावलात तरीही.

म्हणून मी शर्यतीत घड्याळाचा आपोआप पडणारा लॅप बंद ठेवते आणि किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबते. मग लॅपची वेळ हाच त्या किलोमीटरचा पेस असतो, कारण अंतर पाटीचं आणि वेळ घड्याळाची. घड्याळाने त्या लॅपला किती अंतर नोंदवलं तेही नंतर पाहता येतं. दर पाटीला १०-१५ मीटर जादा दिसत गेले, तर ती ठिपक्यांची नागमोड आणि रुंद वळणं यांची नेहमीची गोळाबेरीज असते. एकाच लॅपमध्ये शंभर-दीडशे मीटर वाढले, तर तिथे उंच इमारती, पूल किंवा बोगदा होता का ते नकाशावर बघावं. तसं काहीच नसेल आणि इतर धावपटूंच्या घड्याळांनीही तिथेच तेवढीच वाढ दाखवली असेल, तर ती पाटीच चुकीच्या जागी लागलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढचा लॅप बहुधा तेवढाच तोकडा निघतो.