मोबाइल म्हणतो ‘दोन्ही एकत्र नको’ : वेळ बदलायची की औषध?

मेडिकलच्या काउंटरवर हल्ली चिठ्ठीइतकाच मोबाइलही पुढे येतो. परवा एक काका-काकू आले. मुलाने दोघांच्या गोळ्या औषधाची आठवण करून देणाऱ्या ॲपमध्ये भरून दिल्या होत्या आणि दोघांच्याही स्क्रीनवर तोच लाल त्रिकोण आला होता. ही दोन औषधं एकत्र घेऊ नयेत, असा मजकूर होता. काकूंची जोडी थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम. काकांची जोडी स्टेंटनंतरचं क्लोपिडोग्रेल आणि ॲसिडिटीचं ओमेप्राझोल. काकांनी दोन्हींवर एकच तोडगा काढून ठेवला होता : ‘‘एक सकाळी घ्यायची, एक रात्री. संपलं!’’

काकूंच्या बाबतीत तो तोडगा बऱ्यापैकी बरोबर होता, काकांच्या बाबतीत मात्र निरुपयोगी. ‘एकत्र’ या शब्दाचे इथे दोन अर्थ आहेत. एका ठिकाणी तो ‘एकाच वेळी पोटात’ असा आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘एकाच काळात शरीरात’ असा. ॲप दोन्हींसाठी एकच त्रिकोण दाखवतं.

आधी काकूंचं पाहू. लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. काकू तिच्याबरोबरच कॅल्शियमही गिळत होत्या, ‘‘एकदाच काय ते उरकून टाकते’’ म्हणून. पोटात कॅल्शियम त्या गोळीतल्या औषधाला धरून ठेवतं आणि त्यातला काही भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. भांडण आहे ते आतड्यात, त्यामुळे दोघांना अंतरावर ठेवलं की मिटतं. अंतर साधारण चार तासांचं लागतं. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणाबरोबर चांगलं शोषलं जातं, म्हणून ते दुपारच्या जेवणावर ढकलणं दोन्हींच्या सोयीचं.

मग काकूंनी उद्यापासून वेळ बदलून टाकावी का? इथे एक गोम आहे, आणि ती ॲपला दिसत नाही. मी विचारलं, ‘‘काकू, डोस मध्ये कधी वाढवला होता का?’’ वाढवला होता. टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं औषध कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, जास्त आला म्हणून डॉक्टरांनी ७५ मायक्रोग्रॅमवरून १०० वर नेलं होतं. गोळी कॅल्शियमबरोबर घेतली जाते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे १०० चा डोस त्या चुकीच्या सवयीसकट बसवलेला. आता कॅल्शियम बाजूला काढलं तर तीच गोळी जास्त शोषली जाईल आणि डोस जास्त ठरू शकेल. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, वजन उतरणं ही त्याची लक्षणं. पन्नाशी-साठीच्या माणसाला, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर, हे परवडणारं नाही. वेळ बदलणं बरोबरच, पण ते डॉक्टरांना सांगून करायचं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायचा. त्याआधी तपासून फारसा उपयोग नसतो, कारण या औषधाची पातळी आणि टीएसएच स्थिर व्हायलाच तेवढा काळ जातो.

आता काका. क्लोपिडोग्रेल रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, पण गिळलं तेव्हा ते स्वतः काहीच करत नसतं. यकृतातली एन्झाइम्स त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला ओमेप्राझोल अडवतं. कच्चा माल पोचतो, पण कारखाना हळू चालतो. ओमेप्राझोल रोज घेतलं की ही अडवणूक दिवसभर कमी-जास्त चालूच राहते. म्हणून सकाळ-रात्र करून सुटका होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्येच स्पष्ट केलं होतं की या दोघांच्या वेळा लांब ठेवून परिणाम टळत नाही. ओमेप्राझोल आणि त्याचा भाऊ एसोमेप्राझोल टाळावेत.

हे ऐकून काकांचा हात लगेच दुसऱ्या टोकाला गेला. ‘‘मग यातली एक बंदच करतो.’’ पण कुठली? क्लोपिडोग्रेल बंद केलं, तर स्टेंट बसवून सातच महिने झालेल्या माणसाच्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तशी गुठळी म्हणजे हार्ट अटॅकच. ॲसिडिटीची गोळी बंद केली, तर काकांसारखं ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असताना पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. बऱ्याचदा ती गोळी तेवढ्यासाठीच दिलेली असते, जळजळीसाठी नव्हे. शिवाय त्रिकोण लाल असला तरी आजच काहीतरी होणार, असा त्याचा अर्थ नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल घेणाऱ्यांमध्ये पोटातला रक्तस्राव कमी दिसला आणि हृदयाच्या घटना वाढलेल्या दिसल्या नाहीत. मात्र ती चाचणी मुदतीआधीच थांबली, त्यामुळे हृदयाचा प्रश्न तिने कायमचा निकालात काढला नाही. थोडक्यात, फोन करायला वेळ आहे, पण महिनाभर टाळायलाही नको.

काकांच्या पिशवीतली कागदपत्रं पाहिली तेव्हा उलगडा झाला. हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅन्टोप्राझोल होतं, जे त्या एन्झाइमला फारसं त्रास देत नाही. बाहेरगावी असताना ते संपलं आणि तिथल्या दुकानात ‘ॲसिडिटीची गोळी द्या’ म्हटल्यावर ओमेप्राझोल हाती आलं. पाकिटाचा रंग वेगळा, पण शेवट ‘प्राझोल’च, तेव्हा कोणाच्या लक्षात येणार! ॲपने इथे खरोखर काम केलं, हे मान्य करायला हवं. पण डॉक्टरांनी मुळात काय दिलं होतं, हे ॲपला कळायला मार्ग नव्हता.

तर काही बदलण्याआधी मी हे करायला सांगतो. ॲपमध्ये बहुतेकदा ब्रँडचं नाव टाकलेलं असतं. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं मूळ नाव पाहायचं आणि ॲपमध्ये तेच औषध आहे ना, ते ताडायचं. आपल्याकडे एका कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधं भरलेली असतात, त्यामुळे हे जरुरीचं. मग प्रत्येक गोळीपुढे लिहायचं : कोणी दिली, कधीपासून चालू, किती वाजता घेतो. ॲपमधल्या मजकुरात इतके तास अंतर ठेवा असं असेल, तर बहुधा काकूंचा प्रकार. परिणाम कमी होतो किंवा ही जोडी टाळा असं असेल, तर काकांचा. तिथे घड्याळाशी खेळू नये. ‘मेजर’, ‘मॉडरेट’ हे शिक्के त्या जोडीवर मारलेले असतात, तुमच्या रिपोर्टवर नाही.

आणि मग फोन, ज्यांनी महत्त्वाचं औषध दिलं त्या डॉक्टरांना. ‘ॲप असं म्हणतंय’ एवढंच सांगितलं, तर ‘लक्ष देऊ नका’ हे उत्तर ठरलेलं. काकांना मी वाक्यच लिहून दिलं : ‘‘स्टेंटला सात महिने झालेत, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू आहे, तुमच्या पॅन्टोप्राझोलऐवजी बारा दिवस ओमेप्राझोल घेतलंय, परत पॅन्टोप्राझोल करू का?’’ उत्तर येईपर्यंत क्लोपिडोग्रेलचा एकही डोस चुकवायचा नाही. नवीन औषध अजून सुरूच केलं नसेल, तर मात्र पहिली गोळी घेण्याआधीच विचारलेलं बरं. छातीत दुखलं, काळी डांबरासारखी शौच झाली किंवा रक्त थांबेना, तर हे सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल किंवा १०८.

डॉक्टरांचा फोन दुकानातच लागला. अर्ध्या मिनिटात ‘हो, आजपासून पॅन्टोप्राझोल’ असं उत्तर मिळालं. संध्याकाळी काकूंच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणावर न्यायला सांगितलं, डोस तूर्त १०० च ठेवला. धडधड वाटली तर लगेच कळवा, नाहीतर दीड महिन्याने टीएसएच करा, असं म्हणाले. त्या तारखेची आठवण काकूंनी त्याच ॲपमध्ये टाकून घेतली.