निव्वळ आयनिक समीकरण

दोन द्रावणे एकत्र केल्यावर ज्या आयनांचे खरोखर काही झाले, तेवढ्यांचेच समीकरण म्हणजे निव्वळ आयनिक समीकरण. आधी होते तसेच पाण्यात राहणारे प्रेक्षक आयन त्यात येत नाहीत.

प्रयोगाचे वर्णन वाचताना पहिला प्रश्न एकच: मिसळण्याआधी प्रत्येक चंचुपात्रात कोणते कण होते? विद्राव्य क्षार, तीव्र आम्ले आणि तीव्र आम्लारी आयनांत फोडून लिहायचे. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल फोडायचे नाही, कारण त्याचे बहुतेक रेणू अखंडच असतात. म्हणून सोडिअम हायड्रॉक्साइडशी त्याचे समीकरण असे होते:

CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O

नंतर समोरासमोर आलेल्या आयनांतून अविद्राव्य पदार्थ किंवा पाणी तयार होते का, हे पाहायचे.

खरी परीक्षा होते ती बेरिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र आल्यावर. ०.१ मोलार Ba(OH)₂ चे २० मिलिलिटर द्रावण घेतले, तर त्यात Ba²⁺ चे २ आणि OH⁻ चे ४ मिलिमोल असतात. तेवढ्याच तीव्रतेचे २० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल SO₄²⁻ चे २ आणि H⁺ चे ४ मिलिमोल पुरवते. (HSO₄⁻ स्वतःहून पूर्ण तुटत नाही, पण इथे OH⁻ त्याचा उरलेला H⁺ काढून घेतो.)

Ba²⁺ + 2OH⁻ + 2H⁺ + SO₄²⁻ → BaSO₄(s) + 2H₂O

इथे प्रेक्षक कोणीच नाही. सवयीने नुसते H⁺ + OH⁻ → H₂O लिहिले, की तळाशी बसलेला सुमारे ०.४७ ग्रॅम पांढरा अवक्षेप हिशेबातून सुटतो. Ba(OH)₂ च्या द्रावणात दोन वीजवाहक कांड्या बुडवून बॅटरीला छोटा एलईडी जोडला, तर आम्ल थेंबाथेंबाने पडेल तसा तो मंद होत जातो आणि २० मिलिलिटरपाशी जवळजवळ विझतो. आणखी आम्ल घातले की पुन्हा उजळतो. वीज वाहून नेणारे आयनच संपले होते, हे तेव्हा डोळ्यांना दिसते.

मराठवाड्यात प्रयोगशाळेची काचपात्रे बऱ्याचदा बोअरच्या जड पाण्याने धुतली जातात. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने विसळायचे राहून गेले, तर आम्ल घालण्याआधीच Ba(OH)₂ दुधाळ दिसते. वर्णनात सल्फेट नसताना ही गढूळता कुठून आली? पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे:

Ba²⁺ + HCO₃⁻ + OH⁻ → BaCO₃(s) + H₂O

बाटली उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइडही हेच करतो. ओळखायला विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पुरतात: BaCO₃ बुडबुडे सोडत विरघळतो, BaSO₄ जागचा हलत नाही. विरघळलेले बेरिअम विषारी असल्याने ही चाचणी केलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. आधी सोडिअम सल्फेट घालून सगळे Ba²⁺ खाली बसवावे.